नवव्या परिच्छेदातली गाडी

आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी तपासायला पाठवलेलं सुवर्णमहोत्सवाचं प्रसिद्धिपत्रक मी नातीला वाचायला दिलं, तेव्हा ती माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या टोस्ट खात होती. तिला मंडळाशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणूनच मला ती हवी होती.

"वाच आणि सांग, काय झालंय."

तिनं वाचलं. मध्येच टोस्टवर जॅम वाढवून घेतला. मग म्हणाली, "आजी, कोणीतरी दिवा लावतो. मग कोणीतरी दुसरा माणूस भाषण करतो."

"आणखी?"

"सगळे लोक खूप डिलाइटेड आहेत."

"आणि गाडीचं?"

"कोणता गाडी?"

म्हणजे मला वाटलं होतं तेच. पत्रकात गाडी होती, पण नवव्या परिच्छेदात, आणि तिथवर पोहोचायच्या आत माझ्या नातीचा टोस्ट संपला होता. ती तर माझी नात. वर्तमानपत्रातल्या संपादकाला मी कोण लागते?

गाडीचं असं होतं. साउथहॅम्प्टनमधल्या आमच्या मंडळात दर गुरुवारी दुपारी वयस्कर लोकांचं जेवण असतं. चर्चचा हॉल भाड्यानं घेतो, बायका घरून भाजी-आमटी आणतात, भात तिथेच शिजतो. ज्यांना स्वतःहून येणं जमत नाही त्यांना आणायला एक मिनीबस जाते. ती एका धर्मादाय संस्थेनं वापरायला दिलेली. चालवायची मात्र आमच्याच माणसांनी. दोघे गृहस्थ आळीपाळीनं चालवायचे. एकाचं लायसन्स डोळ्यांमुळे गेलं. दुसरे मुलीकडे राहायला नॉटिंगहॅमला निघाले होते. नवीन ड्रायव्हर मिळाले नाहीत, तर मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानंतर गाडी बंद. आमच्यापैकी ज्यांचे हातपाय आणि डोळे धड होते ते स्वतःच्याच आजारी नवऱ्यांत आणि नातवंडांत अडकलेले. बाहेरचं कोणी हवं होतं, आणि बाहेरच्यांना कळायला वर्तमानपत्र हवं होतं.

त्या गाडीत माझी मैत्रीण बसायची. या देशात आल्यापासूनची मैत्रीण. आमच्या दोघींचे नवरे एकाच हॉस्पिटलात नोकरीला होते, आता दोघंही नाहीत. ती चढावरच्या एका फ्लॅटमध्ये एकटी राहायची आणि वॉकर धरून चालायची. तो चढ उतरून दोन बस बदलून हॉलला येणं तिला शक्यच नव्हतं. गुरुवारी गाडी आली की ती येणार, नाही आली की नाही. तिचा आठवडा त्या गाडीला टांगलेला होता.

आणि ही गोष्ट अध्यक्षांनी नवव्या परिच्छेदात, आभाराच्या आधी अशी लिहिली होती: 'मंडळाच्या विविध लोकोपयोगी उपक्रमांपैकी वाहतूक सेवेच्या भवितव्यासंदर्भात इच्छुकांच्या सहकार्याचे स्वागत आहे.' अर्थात हे सगळं इंग्रजीत. पण अशा वाक्याची जात कुठल्याही भाषेत ओळखू येते.

हसू नये मी. ही जात मीही पाळलेली आहे.

नवऱ्यामागून इथे आले तेव्हा मला वाटायचं की माझं इंग्रजी म्हणजे काय विचारता. कॉलेजात निबंधाला बक्षीस मिळालेलं. हॉस्पिटलच्या प्रेस ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. हे ऑफिस तळघरात, लाँड्रीच्या शेजारी. दिवसभर कपड्यांच्या वाफेचा वास. काही दिवसांनी साहेबीण म्हणाली की आता एखादं पत्रक तूच लिहून बघ. नवीन एक्स-रे विभाग उघडणार होता. मी असं पत्रक लिहिलं की वाचून एखाद्याला हाड मोडून घ्यावंसं वाटावं. 'अत्याधुनिक', 'जागतिक दर्जाचा', 'दूरदृष्टीच्या नेतृत्वाखाली', एक शब्द सोडला नाही. नेसलेल्या साडीला पदरापासून टाचांपर्यंत टिकल्या लावाव्यात तसं. आणि अगदी खाली, कारण ते दिसायला बरं नव्हतं, एक वाक्य: बांधकामामुळे सोमवारपासून पुढचं दार बंद, पेशंटनी मागच्या दारानं यावं.

साहेबीण आधी हातात पेन न घेता सबंध पत्रक वाचायची. मग विचारायची, "यात बातमी कुठे आहे?" मी ऐटीत पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तिनं पानाच्या तळाशी ठेवलं.

"व्हीलचेअरवरच्या म्हाताऱ्याला तुझी विशेषणं ढकलत बंद दारापर्यंत नेणार आहेत का?"

मग ती एकेका विशेषणावरून रेघ मारत गेली. तिची रीत सोपी होती. शब्द काढून बघायचा. वाक्यातली माहिती कमी झाली तर शब्द परत ठेवायचा. माझा एकही परत आला नाही. दर परिच्छेदाच्या शेवटी ती मान वर करून म्हणायची, "बरं, मग?" म्हणजे या इमारतीबाहेरच्या माणसाला याचं काय? उत्तर नसेल तर परिच्छेद गेला. शेवटी हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांचं 'आम्हाला अत्यंत आनंद होत आहे' हे वाक्य तेवढं उरलं, तर त्यावर बोट ठेवून म्हणाली, "दुःख झालं असतं तर ती बातमी झाली असती."

मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, त्या बाईला माझं इंग्रजी खुपतं, एका हिंदुस्थानी मुलीला असलं इंग्रजी येतं हे तिला बघवत नाही. तो बिचारा नाइट ड्युटीला निघालेला. "बरं, मग?" म्हणाला, आणि मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. वाक्य चोरून घरात आणतोय असं वाटलं मला! पुढे मीच तळघरात त्या खुर्चीवर बसून किती जणांना रडवलं. पण त्या टिकल्यांवाल्या मुलीची मला अजून गंमत वाटते. काय तिचा तोरा, आणि काय तो एक्स-रे विभाग!

तर हे सगळं पाठीशी घेऊन मी अध्यक्षांकडे गेले.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त भूलतज्ज्ञ. आयुष्यभर लोकांना झोपवलं, तोच हात पत्रकातही. सज्जन माणूस. काचेच्या खोलीत बसवून स्वतः चहा केला, चिवड्याचा डबा पुढे सरकवला.

"वहिनी, कसं वाटलं? मोकळेपणी सांगा."

पुरुषानं मोकळेपणी सांगा म्हटलं की आधी दोन घास चिवडा खाऊन घ्यावा. मी खाल्ला.

"डॉक्टर, भाषा छान आहे. पण बातमी उलटी बसलीय. हे आपल्या कार्यक्रमासारखं लिहिलंय. आधी दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचा परिचय, मग अध्यक्षांचं मनोगत, मग आभार, आणि जाता जाता सूचना, की चप्पल आपली आपली बघून घाला."

ते हसले. "अहो, पण क्रम तोच असतो ना!"

"हॉलमध्ये असतो. तिथे दारं लावलेली असतात, माणूस जेवणासाठी थांबतो. पेपरवाला थांबत नाही. त्याला पहिल्या दोन ओळींत कळलं पाहिजे काय, कोण, कुठे, कधी आणि का. आणि मंडळाला पन्नास वर्षं झाली ही आपल्याला बातमी आहे. गावाला नाही. रोज कोणत्या ना कोणत्या क्लबाला कसली तरी वर्षं होतच असतात."

"मग गावाला बातमी काय?"

"चालता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं आठवड्यातलं एकुलतं एक सोबतीचं जेवण बंद पडणार, ड्रायव्हर हवेत. हे वर. पन्नास वर्षं दुसऱ्या परिच्छेदात. पाहुण्यांची नावं तळाला, संपादकांसाठी टिपा असतात तिथे."

त्यांचा कप बशीवर टेकला. "पाहुण्यांना टिपांमध्ये बसवू?"

"आणि तुमचं 'अत्यंत आनंद' काढू. त्याऐवजी माझ्या मैत्रिणीचं एक वाक्य घालू."

वाक्य मी तिच्याकडून आणलेलं होतं. पत्रकासाठी दोन शब्द दे म्हटल्यावर आधी तिनं मला झिडकारलं. "अगं, माझं कसलं नाव छापतेस, भीक मागितल्यासारखं." मग नाव नको या अटीवर, भाजी निवडता निवडता म्हणाली, "लिही, गुरुवारी माझ्याशी कोणीतरी मराठीत बोलतं. बाकी दिवस मी रेडिओला उत्तरं देते." असं वाक्य मला नोकरीतल्या सगळ्या वर्षांत कुठल्या साहेबानं दिलं नव्हतं.

अध्यक्षांनी ते वाचलं. कागद डब्याशेजारी ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, हे खरं आहे. पण हे इंग्रज लोकांपुढे मांडायचं? पन्नास वर्षं आपण या गावात मान वर करून राहिलो. कोणापुढे हात पसरले नाहीत. आणि सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी पेपरात काय, तर आमच्या म्हाताऱ्यांना आणायला माणूस नाही?"

इथे मी त्यांच्या मनाशी बोलायला हवं होतं. मी त्यांना धंद्याचा नियम सांगायला गेले. माझ्यातली ती बक्षीसवाली मुलगी अजून पुरती निवृत्त झालेली नाही.

"डॉक्टर, जागा कमी पडली की पेपरवाले खालून कापतात. नेहमीच. म्हणून जे जायला नको ते वर ठेवायचं."

ते एकदम ताठ बसले. "खालून कापतात?"

"हो."

"म्हणजे पाहुण्यांची नावं खाली टाकली तर ती जाणार?"

"जाऊ देत ना!"

"अहो, मग तर नावं वरच हवीत! बरं झालं सांगितलंत."

मी आणखी मूठभर चिवडा घेतला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझा नियम इतक्या पटकन कोणी आत्मसात केला नव्हता.

त्यानंतर तासभर आम्ही घासाघीस केली. मी 'ऐतिहासिक' काढलं, त्यांनी 'संस्मरणीय' घातलं. मी 'व्हायब्रंट' काढलं तेव्हा ते म्हणाले, हे तर कौन्सिलनंच आपल्याला म्हटलेलं आहे, आणि ते मात्र खरं निघालं. मथळा सुवर्णमहोत्सवाचा. पहिला परिच्छेद पाहुण्यांचा, दुसरा त्यांच्या आनंदाचा. मैत्रिणीचं वाक्य गेलं. गाडी नवव्यातून वर सरकत सरकत तिसऱ्यावर आली, साध्या शब्दांत, फोन नंबरासकट. तिथे ते थांबले, आणि मीही थांबले. नवव्यातून तिसऱ्यात म्हणजे काही कमी नाही, अशी स्वतःची समजूत घातली. शिवाय चहा फार चांगला होता.

कार्यक्रम छान झाला. पुढच्या आठवड्यात पेपरात आलं. अध्यक्षांचा दिवा लावतानाचा मोठा फोटो, खाली सगळ्यांची नावं बिनचूक, आणि बाजूला मजकूर. दोन परिच्छेद. पूर्णविराम. त्याखाली कोणाच्या तरी गॅरेज सेलची जाहिरात.

अध्यक्षांचा फोन आला. "वहिनी, पाहिलंत? एकही नाव चुकलं नाही!" त्यांनी आजूबाजूच्या दुकानांतले उरलेसुरले अंक विकत घेतले होते. मी गाडीचं बोलले, तर म्हणाले, "हो हो, ते तेवढं राहिलं. पण फोटो किती सुंदर!"

मी पेपरात फोन केला. फोनवर एक तरुण मुलगी होती, फार गोड बोलायची. म्हणाली, तुमच्यावर आत्ताच तर बातमी केली आम्ही. नवीन काय घडलंय? मी म्हटलं, अजून काही नाही, पण गाडी बंद होणार आहे. "ओह, व्हॉट अ शेम," ती म्हणाली. "बंद झाली की कळवाल?"

तिची काही चूक नव्हती. तिच्या खुर्चीवर असते तर मीही हेच विचारलं असतं. पेपरचं दार आमच्यासाठी एकदाच उघडलं होतं, आणि त्यातून आम्ही दिवा आत पाठवला होता.

गाडी बंद झाली.

पहिले काही गुरुवार आम्ही मैत्रिणीला आळीपाळीनं आणलं. कधी कोणाचा जावई, कधी टॅक्सी. दर वेळी तिला कोणालातरी थँक्यू म्हणावं लागायचं, आणि गाडीत बसताना तिनं कधी थँक्यू म्हटलेलं नव्हतं. गाडी तिची होती. मग एका गुरुवारी म्हणाली गुडघा दुखतोय. पुढच्या गुरुवारी हवा बरी नाही. मी फोनवर ओरडले, "अगं, हवा कधी बरी होती या देशात? चाळीस-चाळीस वर्षं काढलीस ना तशीच?" ती हसली. आली नाही.

तिचा मुलगा बेसिंगस्टोकला असतो, कॉम्प्युटरच्या कुठल्याशा कंपनीत. गुणी मुलगा. त्याला दिसलं की आई कपडे बदलायचीही थांबलीय, आणि तो तिला घेऊन गेला. निघायच्या दिवशी मी तिच्या फ्लॅटवर होते. तिनं मला तिचा कुकर दिला. सुनेकडे दुसरा होता. आम्ही दोघी शिट्टी कुठे आहे ते शोधत बसलो. सापडली तोवर मुलानं सामान खाली नेलं होतं.

त्यानंतर मी नवीन पत्रक लिहिलं. कोणाला दाखवलं नाही, विचारलंही नाही. मथळा साधा: गाडीला ड्रायव्हर नाही, वृद्धांचं जेवण सुटलं. पहिल्या परिच्छेदात किती जण येत होते आणि आता कोण येऊ शकत नाही, दुसऱ्यात काय हवंय आणि कोणाला फोन करायचा. विशेषण एकही नाही. नातीनं टोस्टच्या पहिल्या घासाला सांगितलं, "आजी, ड्रायव्हर पाहिजे. सॅड आहे." फक्त मैत्रिणीच्या त्या वाक्यासाठी बेसिंगस्टोकला फोन केला.

"आता वापर, नाही कोण म्हणतं," मैत्रीण म्हणाली. "पण बरोबर लिही. आता मी तिथे नाही."

म्हणून मी ते भूतकाळात लिहिलं. गुरुवारी माझ्याशी कोणीतरी मराठीत बोलायचं.

पेपरनं छापलं, सगळंच्या सगळं, कारण आता घडलं होतं. स्थानिक रेडिओवरून फोन आला. तीन ड्रायव्हर मिळाले. त्यातला एक निवृत्त बसचालक, इंग्रज, गोदीजवळ राहणारा. पहिल्याच आठवड्यात आमच्या बायकांनी त्याला 'चला' म्हणायला शिकवलं. आता सगळे बसलेले नसले तरी तो 'चला' म्हणतो. अध्यक्ष हॉलमध्ये मला गाठून म्हणाले, "बघा वहिनी, आपल्या पत्रकाचा परिणाम!" मी म्हटलं, "हो ना डॉक्टर." त्यांच्या ताटात मी कढी जरा जास्तच वाढली, त्यांना कढी आवडत नाही.

नवीन ड्रायव्हरला जुना रस्ता सांगायला पहिल्यांदा मी पुढे बसले होते. चढाशी आल्यावर त्यानं विचारलं, वर जायचं का? मी म्हटलं, नाही, सरळ. गाडी सरळ गेली. चार सीट मागे बायका कोणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या.

जेवण झालं की मी दर गुरुवारी मैत्रिणीला फोन करते. परवाही केला. ती आधी विचारते, "काय होतं आज?" मग मी सांगते: मसूर होता, मीठ कमी होतं, भात खालून लागला. अध्यक्षांना सर्दी झालीय. कोण कोणाशी बोलत नाहीये तेही. ड्रायव्हर आता 'बसा' पण म्हणायला लागलाय. ती खळखळून हसते, मधूनच रेडिओ बारीक करते. मला जे सांगायचं असतं ते मी शेवटी ठेवते, कारण ते सुरुवातीला कसं सांगायचं ते मला अजून जमलेलं नाही. की जेवायला बसताना तुझ्या जागेवर मी पर्स ठेवते, म्हणजे कोणी बसत नाही.

परवा तिथवर आलेच होते. तेवढ्यात तिकडे दार वाजलं, नातवंडं शाळेतून आली.

"बरं गं, ठेवते," ती म्हणाली. "पुढच्या गुरुवारी सांग बाकीचं."